अर्ज नामंजूर, पण का? सरकारी आदेशातील कारणांविषयी ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

बांधकामाची परवानगी नाकारली, दाखला फेटाळला, परवाना रद्द केला, तडीपारीचा आदेश निघाला. कामे वेगवेगळी असली तरी ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, पनवेलकडून वकिलाकडे येणाऱ्या या कागदांत एक गोष्ट सारखी असते. आदेशात निर्णय असतो आणि कारणाच्या जागी ‘नियमात बसत नसल्याने’ एवढीच ओळ असते. अशा वेळी लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथला कायदा चाळीस-पन्नास वर्षांत हळूहळू बदलत गेला आहे आणि तो बदल कळला नाही तर आपल्या हातातल्या आदेशाचे काय करायचे हेही कळत नाही.

कारण देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे का? कोणत्या कायद्याने?

‘प्रत्येक सरकारी निर्णयाला कारण द्या’ असे सांगणारा एकच सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. हे बंधन तीन ठिकाणांहून येते.

पहिले ठिकाण म्हणजे ज्या कायद्याखाली आपण अर्ज केला तोच कायदा. उदाहरणार्थ, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ४५(३) नुसार विकास परवानगी नाकारताना किंवा अटी घालून देताना त्या नकाराची वा अटींची कारणे आदेशातच नमूद करावी लागतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्येही तसेच आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळायचा तर कारणे लेखी नोंदवायची, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचे हेही अर्जदाराला लेखी कळवायचे.

दुसरे ठिकाण माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(१)(घ). प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयासारखा निवाडा करणाऱ्या, निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. माहिती अधिकार म्हटले की आपण लगेच दहा रुपयांचा अर्ज डोळ्यांसमोर आणतो, त्यामुळे हे कलम दुर्लक्षित राहते.

तिसरे ठिकाण न्यायालयांचे निकाल. मूळ कायदा गप्प असला तरी कारणे द्यावीच लागतात, ही भूमिका निकालांतूनच उभी राहिली.

न्यायालयांनी याची सुरुवात कुठून केली?

इथून फार लांब नाही, अंधेरीतून. गोरधनदास भानजी या गृहस्थांना तिथे चित्रपटगृह बांधायचे होते. १९४५ मध्ये त्यांनी अर्ज केला तेव्हा अंधेरी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर, उपनगर जिल्ह्यात होती. पुढे ती बृहन्मुंबईत आली आणि परवानगीचा अधिकार मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे गेला. १९४७ च्या जुलैत आयुक्तांनी परवानगी दिली. दोन-अडीच महिन्यांत दुसरे पत्र आले. त्याचा आशय असा होता की, शासनाच्या निर्देशावरून आपणास कळविण्यात येते की ही परवानगी रद्द करण्यात आली आहे.

नियमानुसार परवानगी देण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार फक्त आयुक्तांचा होता. पत्रावरून तर निर्णय शासनाने घेतला होता आणि आयुक्तांनी तो नुसता पोचवला होता. प्रकरण न्यायालयात गेल्यावर आयुक्तांच्या वतीने सांगण्यात आले की निर्णय त्यांनी स्वतःच घेतला होता, पत्राची भाषा तेवढी तशी पडली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लिहिले की जाहीर अधिकारात काढलेल्या आदेशाचा अर्थ त्यात वापरलेल्या शब्दांवरूनच लावायचा. आपल्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने नंतर सांगून चालणार नाही. लोक आदेश वाचून वागतात, त्याच्या मनात डोकावून नाही. आयुक्तांनी प्रकरणाचा स्वतः विचार करून निर्णय घ्यावा, असे सांगण्यात आले.

या निकालाने ‘कारणे द्याच’ असे अजून म्हटलेले नव्हते. मात्र आदेशाचा कागदच आदेशाची बाजू मांडेल हे इथे पक्के झाले, आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

मग कारणे देण्याची सक्ती कधी आली?

सुरुवातीला न्यायालये आधी एक वेगळाच प्रश्न विचारत. हा निर्णय अर्धन्यायिक आहे की निव्वळ प्रशासकीय? दोन पक्षांचे म्हणणे ऐकून हक्क ठरवणारा अर्धन्यायिक निर्णय असेल तर कारणांची अपेक्षा असे. प्रशासकीय असेल तर अधिकारी बहुधा सुटत असे.

१९६७ च्या भगत राजा प्रकरणात खाणपट्ट्याचा वाद होता. राज्य सरकारने अर्ज फेटाळला आणि केंद्र सरकारने पुनरीक्षणात तो निर्णय कारणे न देता कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने विचारले की आम्ही अपील ऐकायचे कशावर? मूळ आदेशात अनेक मुद्दे असतील आणि वरच्या अधिकाऱ्याने नुसते ‘फेटाळले’ लिहिले असेल, तर त्याने त्यांपैकी कोणता मुद्दा पटवून घेतला हे कळायला मार्गच नाही. इथे कारणांची गरज न्यायालयाच्या सोयीतून आली होती, नागरिकाच्या हक्कातून नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दरम्यान १९६९ मध्ये क्रायपाक प्रकरणात अर्धन्यायिक आणि प्रशासकीय यांच्यातील भिंत बरीच पातळ झाली. मग १९७६ मध्ये सीमेन्स कंपनीचे सीमाशुल्काचे प्रकरण आले. तिथे न्यायमूर्ती भगवती यांनी कारणे देण्याला नैसर्गिक न्यायाच्या मूळ तत्त्वांत बसवले. दुसऱ्या बाजूचे ऐकून घ्या, हे तत्त्व जसे कायद्यात न लिहिताही लागू होते, तसेच हेही. कारणांचे नुसते नाटक केलेले चालणार नाही, असेही त्यांनी बजावले. आता गरज नागरिकाच्या बाजूने मोजली जाऊ लागली.

१९९० मध्ये एस. एन. मुखर्जी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने यावर शिक्कामोर्तब केले. अर्धन्यायिक काम करणाऱ्या प्रत्येक प्रशासकीय अधिकाऱ्याने कारणे नोंदवली पाहिजेत; अपील आहे की नाही याने फरक पडत नाही; संबंधित कायद्यानेच स्पष्टपणे किंवा त्याच्या रचनेवरून हे बंधन वगळले असेल तरच सूट. स्वतः मुखर्जी हे लष्करी अधिकारी होते आणि त्यांच्या प्रकरणात लष्करी कायद्याने ही सूट दिली आहे असेच ठरले. त्यांना फायदा झाला नाही, पण ज्या तत्त्वासाठी ते भांडले ते बाकी सगळ्यांना मिळाले.

२०१० च्या क्रांती असोसिएट्स निकालात न्यायमूर्ती गांगुली यांनी आधीचे सगळे निकाल एकत्र मांडून पंधरा मुद्द्यांत सार दिले. वकील आज तोच निकाल सर्वाधिक दाखवतात. एखाद्याला बाधक ठरणारा प्रशासकीय निर्णयसुद्धा कारणांसह असला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कारणे थोडक्यात असली तरी चालतील, पण स्पष्ट आणि पटणारी हवीत. रबरी शिक्क्यासारखी कारणे म्हणजे कारणे नव्हेत.

आपल्या भागातला एखादा निकाल आहे का?

दोन सांगतो. नवी मुंबईला लागून असलेल्या उरण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षांना राज्य सरकारने पदावरून दूर करून अपात्र ठरवले होते. रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवडून आलेल्या व्यक्तीला काढायचे तर आरोप तितके गंभीर हवेत, आणि आरोपांना दिलेल्या उत्तराचा विचार झाल्याचे आदेशात दिसले पाहिजे, असे त्यात म्हटले. नगरपरिषदेच्या राजकारणात हा निकाल आजही वापरला जातो.

दुसरा निकाल त्याहून जुना आहे. कुमारी माधुरी पाटील विरुद्ध अतिरिक्त आयुक्त, आदिवासी विकास, ठाणे. १९९४ च्या या निकालात जात पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली गेली. समितीने अर्जदाराचे म्हणणे ऐकून थोडक्यात का होईना, कारणांसह आदेश द्यावा, हा त्यातला एक भाग होता. दाखला अवैध ठरला की नोकरी आणि प्रवेश दोन्ही जातात, म्हणून हे वाक्य महत्त्वाचे आहे.

‘कारण’ कशाला म्हणायचे? ‘नियमात बसत नाही’ हेही कारणच की!

तो निष्कर्ष झाला. एक उदाहरण पूर्ण घेऊन बघू.

समजा, नेरूळमध्ये एका जुन्या रो-हाऊसवर मजला चढवण्यासाठी वास्तुविशारदामार्फत अर्ज केला. आदेश आला: ‘आपला प्रस्ताव विकास नियंत्रण नियमावलीतील तरतुदींशी सुसंगत नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

हा आदेश वाचून मालकाला काय करता येईल? नकाशा दुरुस्त करायचा तर नेमका कुठे? चटईक्षेत्र जास्त झाले का, इमारतीभोवती मोकळे सोडायचे सामासिक अंतर कमी पडले का, भाडेपट्ट्याच्या अटी आड येतात का? अपील करायचे तर कोणता मुद्दा खोडायचा? दोन्ही वाटा बंद होतात. कारण पुरेसे आहे की नाही हे ओळखण्याची हीच पारख आहे: आदेश वाचून माणसाला दुरुस्ती करता आली पाहिजे, नाहीतर तो खोडता आला पाहिजे.

आता तोच नकार असा लिहिला असता तर? ‘नकाशात मागील बाजूचे सामासिक अंतर १.५० मीटर दर्शविले आहे. या आकाराच्या भूखंडास नियमावलीच्या अमुक नियमानुसार ते अमुक मीटर आवश्यक आहे. आपण शेजारच्या तीन घरांना दिलेल्या परवानगीचा दाखला दिला आहे; त्या परवानग्या जुन्या नियमावलीखालील असल्याने येथे लागू होत नाहीत.’ चार ओळींत वस्तुस्थिती आली, नियम आला, दोन्हींचा जोड आला, आणि अर्जदाराने मांडलेल्या मुद्द्याला उत्तरही मिळाले. न्यायालयासारखे वीस पानी निकालपत्र कोणीही मागत नाही.

शेवटचा भाग लोक विसरतात. आपण सुनावणीत किंवा अर्जात काही ठोस मुद्दा मांडला असेल आणि आदेशात त्याचा उल्लेखच नसेल, तर आदेश लांबलचक असूनही तो कारणांविना ठरू शकतो. तीन पाने अर्जदाराचे म्हणणे, तीन पाने खात्याचे म्हणणे आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंचा विचार करता अर्ज फेटाळण्यात येत आहे’, हा नमुना फार दिसतो. त्यात विचार कुठे झाला ते शोधून सापडत नाही.

या उदाहरणात पुढे काय करायचे?

आदेशावरची तारीख आणि तो आपल्याला मिळाल्याची तारीख वेगळी असते. लिफाफा जपून ठेवा. नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते आणि मुदत आदेश कळवल्यापासून ४० दिवस आहे. आदेशावर ५ जून असेल आणि टपाल १२ जूनला मिळाले असेल, तर चाळिसावा दिवस २२ जुलै येतो.

पहिल्या दोन-चार दिवसांतच त्या कार्यालयाला साधे पत्र द्या. आदेश क्रमांक व तारीख लिहा, कलम ४५(३) आणि माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(घ) चा उल्लेख करा आणि नकाराची कारणे कळवा असे म्हणा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. उत्तर आले तर उत्तमच. नाही आले तर ‘मागूनही कारणे दिली नाहीत’ हा अपिलातला एक मुद्दा झाला.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका. मात्र त्याला ३० दिवस लागतात आणि बऱ्याचदा तेवढे पुरतही नाहीत. त्या कागदांची वाट बघत अपिलाची मुदत घालवू नका. अपील वेळेत दाखल करून कागद नंतर जोडता येतात.

माहिती अधिकारात मी ‘माझा अर्ज का फेटाळला?’ असे विचारले. उत्तर आले, ‘असा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.’ हे बरोबर आहे का?

दुर्दैवाने बऱ्याच अंशी बरोबर आहे. माहिती म्हणजे अभिलेखात असलेली गोष्ट. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर तयार करून देणे माहिती अधिकाऱ्याचे काम नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाचा कलही तसाच आहे.

म्हणून ‘का’ विचारू नका, कागद मागा. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या माझ्या प्रस्तावाच्या नस्तीतील सर्व टिपण्या, छाननी अहवाल, स्थळपाहणी अहवाल आणि मंजुरी-नामंजुरीचे शेरे यांच्या प्रती द्या, नस्तीचे निरीक्षणही करू द्या.’ कनिष्ठ अभियंत्याने काय लिहिले, वरच्याने काय शेरा मारला, कोणत्या तारखेला मत फिरले, हे टिपणीत दिसते. कधी कधी खालच्या तिघांनी मंजुरीची शिफारस केलेली असते आणि वर फक्त ‘नामंजूर’ असा शब्द असतो. ते पान अपिलात सोन्याच्या मोलाचे ठरते.

कलम ४(१)(घ) चा आधार घ्यायचा तर तो वेगळ्या पत्रात घ्या, वर सांगितल्याप्रमाणे. तिथे तुम्ही बाधित व्यक्ती म्हणून प्राधिकरणाला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देत असता. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मिसळल्या की उत्तर टाळायला वाव मिळतो.

कारणे आदेशात नाहीत, पण फाईलमध्ये आहेत. चालेल का?

कायदा कारणे आदेशातच लिहा म्हणत असेल, जसे कलम ४५(३) म्हणते, तर फाईलमधले कारण पुरणार नाही. कायदा गप्प असेल तर काही प्रकरणांत न्यायालय फाईल मागवून बघते आणि निर्णयाच्या वेळीच कारणे नोंदलेली आढळली तर आदेश टिकू शकतो. १९९१ च्या नंबुदिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले: सरकारी कर्मचाऱ्याचे प्रतिकूल शेऱ्यांविरुद्धचे निवेदन फेटाळताना कारणे कळवलीच पाहिजेत असे नाही, पण फाईलवर ती असली पाहिजेत. तारखेकडे लक्ष ठेवा. निर्णयानंतरच्या तारखेची टिपणी म्हणजे नंतर जुळवलेले कारण.

सुनावणीत अधिकारी म्हणाले, ‘सामासिक अंतर सोडा, तुमचा भूखंड रस्तारुंदीकरणात जातोय.’ आदेशात याचा एक शब्द नाही. असे नवे कारण चालते का?

सर्वसाधारण नियम असा की नाही चालत. गोरधनदास निकालाचा धागा इथे पुन्हा येतो. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत पंजाबातील फिरोजपूर मतदारसंघाचे मतदान निवडणूक आयोगाने रद्द केले होते. त्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी म्हटले की वैधानिक आदेशाची वैधता त्यात दिलेल्या कारणांवरच तपासायची. प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे आणून तो सावरता येणार नाही. नाहीतर सुरुवातीला वाईट असलेला आदेश न्यायालयात येईपर्यंत चांगला होऊन बसेल. जुनी दारू मुरते तसे आदेश मुरत नाहीत, हे त्यांचे वाक्य वकिलांना पाठ असते.

या नियमालाही मर्यादा आहे. २०१० मध्ये रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेत मोठ्या प्रमाणावर गैरप्रकार झाल्याचे प्रकरण आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यापक सार्वजनिक हित गुंतले असेल तर नंतर समोर आलेली सामग्रीही बघता येईल. एकट्या घराच्या नकाशात ही पळवाट सहज लागू होऊ नये, पण समोरची बाजू तिचा आधार घेईल, तेव्हा तयारीत राहा.

व्यवहारात एक सांगतो. नवे कारण तोंडी आले की ते तिथेच लेखी द्यायला सांगा, किंवा आपणच त्या दिवशी पत्र देऊन ‘आज सुनावणीत प्रथमच असे सांगण्यात आले’ अशी नोंद करून घ्या. नंतर कोण काय बोलले यावर वाद होतो.

अपिलात वरच्या अधिकाऱ्याने फक्त ‘खालचा आदेश कायम’ लिहिले. त्यालाही कारणे लागतात का?

मुखर्जी निकालानुसार मूळ आदेशात नीट कारणे असतील आणि अपील अधिकाऱ्याला ती पटत असतील, तर त्याने ती पुन्हा लिहिलीच पाहिजेत असे नाही. पण मूळ आदेशच मुका असेल तर ‘कायम’ या शब्दाला टेकायला काही उरत नाही. अपिलात आपण नवे मुद्दे मांडले असतील तर त्यांना उत्तर मिळायलाच हवे. २०१० च्याच ओरिक्स फिशरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की मूळ आदेशातला कारणांचा अभाव अपील अधिकाऱ्याने स्वतःची कारणे देऊन भरून निघत नाही.

तडीपारीच्या आदेशालाही हेच लागू आहे का?

या प्रश्नावर मी जास्त थांबणार आहे, कारण न्यायालयांनी बंधन कसे रुंदावले ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि ठाण्याच्या झोपडपट्ट्यांतल्या कितीतरी घरांशी याचा थेट संबंध आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली पोलीस एखाद्याला हद्दपार करू शकतात. कलम ५९ नुसार त्याला आधी नोटीस देतात, पण तीत आरोपांचे फक्त सर्वसाधारण स्वरूप असते. साक्षीदार घाबरून पुढे येत नाहीत, त्यांची नावे उघड करता येत नाहीत, हा त्यामागचा हेतू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावरून निष्कर्ष काढला की नोटिशीतच तपशील द्यायचा नसेल, तर हद्दपार करणाऱ्या अधिकाऱ्याकडून न्यायनिर्णयासारखा सकारण आदेश मागता येणार नाही. तपशील दिला की साक्षीदार ओळखू येईल. पुढची अनेक वर्षे तडीपारीचे आदेश छापील साच्यात निघण्यामागे या निकालाचा मोठा आधार होता.

२०२२ च्या जानेवारीत दीपक डोंगरे प्रकरण आले. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी हद्दपारी होती. निकाल लिहिला न्यायमूर्ती अभय ओक यांनी, ज्यांनी १९८३ मध्ये वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातून केली. रांगणेकर निकाल मोडीत न काढता त्यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला. हद्दपारी म्हणजे माणसाला स्वतःच्या घरात, कुटुंबात राहू न देणे. कामधंदाही जाऊ शकतो. देशात मुक्तपणे फिरण्याच्या घटनादत्त हक्कावर तो घाला आहे. म्हणून साक्षीदार पुढे येत नाहीत याबद्दल अधिकाऱ्याचे समाधान कशावरून झाले हे अभिलेखात दिसले पाहिजे, आरोप ताजे हवेत आणि त्यांचा हद्दपारीशी जिवंत संबंध हवा. मुदतीबद्दलही त्यांनी तेच म्हटले. कायदा जास्तीत जास्त दोन वर्षे देतो. पूर्ण दोन वर्षे का हवीत, सहा महिने का पुरे नाहीत, याचा विचार आदेशात नसेल तर ते निर्बंध अवाजवी ठरतात.

म्हणजे साक्षीदाराचे नाव लपवायची मुभा राहिली, पण अधिकाऱ्याने स्वतःचा विचार लपवायची मुभा गेली.

आपल्या भागात यातला आणखी एक मुद्दा नेहमी निघतो, क्षेत्राचा. सगळे गुन्हे एका पोलीस ठाण्याच्या हद्दीतले आणि हद्दपारी मात्र ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि रायगड एवढ्या पट्ट्यातून. कायदा लगतच्या जिल्ह्यांतून काढायची परवानगी देतो. पण तिथून काढणे का गरजेचे, याला आदेशात आधार हवा. लोकल गाड्यांनी हे जिल्हे जोडलेले आहेत, माणूस तासाभरात परत येतो, असे पोलिसांचे म्हणणे असते. ते खरेही असू शकते, पण ते त्या माणसाच्या बाबतीत लिहिलेले असले पाहिजे. आदेश हातात आला की तीन गोष्टी तपासा: गुन्ह्यांच्या तारखा, मुदत आणि क्षेत्र. प्रत्येकासमोर त्या माणसाबद्दलचे वाक्य आहे की साच्यातले, ते बघा. कलम ६० खाली शासनाकडे ३० दिवसांत अपील करता येते.

हे कुठे लागू होत नाही?

निवड समितीने अमुक उमेदवार का घेतला नाही, याची कारणे नियमांत तशी अट नसेल तर द्यावी लागत नाहीत. १९९२ च्या कल्याण रमण निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. सर्वांना सारखे लागू होणारे नियम, अधिसूचना, दरपत्रके यांनाही हे तत्त्व याच रूपात लागत नाही. राष्ट्रीय सुरक्षेच्या बाबतीत काही कारणे रोखून धरता येतात.

उत्तरच आले नाही तर? ना होकार, ना नकार.

मग कारणांचा प्रश्न पुढचा, आधी निर्णय मिळवायला हवा. अधिसूचित सेवा असेल तर लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत संपल्यावर प्रथम अपील करा. बांधकाम परवानगीत कलम ४५(५) नुसार ६० दिवसांत कळवले नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, पण प्रस्ताव नियमावलीशी काटेकोर जुळत असेल तरच. जुळतो की नाही हे ठरवणार पुन्हा तेच प्राधिकरण. ६१ व्या दिवशी कुदळ मारू नका, आधी वास्तुविशारदाशी आणि वकिलाशी बोला.

थेट उच्च न्यायालयात जाता येते का?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. ठाणे-नवी मुंबईची प्रकरणे मुंबईतल्या मुख्य पीठासमोर जातात. अपिलाची सोय असेल तर न्यायालय बहुधा आधी तिकडे पाठवते. नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल तर अपील असूनही याचिका ऐकता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये व्हर्लपूल प्रकरणात म्हटले आहे, आणि कारणे नसणे हा तसा भंग असल्याचे मांडता येते. तरीही माझे मत असे की अपिलाची मुदत चालू असेल तर अपील करा. तिथे नकाशा, मोजमापे, कागद सगळे बघितले जाते. रिटमध्ये बहुधा निर्णय कसा घेतला एवढेच तपासतात.

जिंकलो तर परवानगी मिळेल ना?

बहुतेक वेळा लगेच नाही. कारणे नाहीत म्हणून आदेश रद्द झाला की प्रकरण त्याच अधिकाऱ्याकडे किंवा त्याच्या जागी आलेल्याकडे परत जाते, पुन्हा ऐकून कारणांसह निर्णय घ्या म्हणून. तो पुन्हा नकार देऊ शकतो. हे मी प्रत्येक पक्षकाराला आधीच सांगतो, कारण वर्ष-दीड वर्ष झगडून फेरविचार हाती आला की माणूस खचतो.

म्हणून याचिकेत किंवा अपिलात मागण्या लिहितानाच तीन गोष्टी मागा: फेरनिर्णयाला ठरावीक मुदत, समक्ष सुनावणी, आणि तोपर्यंत पाडकाम किंवा हद्दपारीसारख्या कारवाईला स्थगिती. मुदत नसलेला फेरविचार वर्षानुवर्षे नस्तीत पडून राहतो. फेरसुनावणीत आपले मुद्दे लेखी आणि क्रमांक घालून द्या, म्हणजे कोणत्या क्रमांकाला उत्तर दिले नाही हे पुढे बोट ठेवून दाखवता येते. नवा नकार कारणांसह आला तर तो नवा आदेश असतो. त्याच्या अपिलाची मुदत तो हातात पडल्यापासून नव्याने मोजायची.